चौदा पानं, एकोणीस मिनिटं

माझ्या शॉर्टफिल्मची संहिता चौदा पानांची होती. स्पर्धेची मर्यादा पंधरा मिनिटं, श्रेयनामावलीसकट. एक पान म्हणजे एक मिनिट हा हिशोब कधीतरी कुठेतरी ऐकलेला होता, त्यामुळे मी निर्धास्त होते. अप्पा बळवंत चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानातून सहा प्रती काढल्या आणि एका रविवारी सकाळी सदाशिव पेठेत मैत्रिणीच्या घरी वाचन ठेवलं. दोन तासांत उरकेल, मग पोहे खाऊ, असा बेत होता. पोहे झाले दीड वाजता, आणि तोवर माझ्या चौदा पानांची एकोणीस मिनिटं झाली होती.

गोष्ट साधी आहे. नारायण पेठेतला एक जुना वाडा. माई तिथे एकटी राहते. वाडा पाडून इमारत व्हायची आहे, बाकीच्या भाडेकरूंच्या सह्या झाल्यात, माईंची राहिलीय. कोथरूडला राहणारा मुलगा नंदू संमतीपत्र घेऊन येतो. सहा सीन, तीन पात्रं. तिसरं पात्र म्हणजे वरच्या मजल्यावरच्या काकू. तालमीत आम्ही एकमेकांना भूमिकेच्याच नावानं हाक मारत होतो, इथेही तसंच लिहिते.

आधी त्या पान-मिनिटाच्या हिशोबाबद्दल, कारण माझ्यासारखे बरेच जण त्याच खड्ड्यात पडत असणार. तो अंदाज इंग्रजी पटकथेच्या ठरलेल्या मांडणीवरून आलेला आहे. कुरियर नावाचा फॉन्ट, आकार बारा, प्रत्येक अक्षराला सारखीच जागा, आणि संवाद पानाच्या मधोमध अरुंद पट्टीत. त्या पट्टीमुळे पानावर शब्द कमी बसतात, म्हणून पान साधारण मिनिटाचं होतं. तिथेसुद्धा तो अख्ख्या पटकथेचा सरासरी अंदाज असतो, एकेका पानाची हमी नसते. मी देवनागरीत टाइप केलेलं, संवाद या कडेपासून त्या कडेपर्यंत पसरलेले, एकांकिका लिहितो तसे. एकांकिकाच लिहीत आलेय ना इतकी वर्षं. माझं एक पान सरासरी ८३ सेकंदांचं निघालं. दुसऱ्या कुणाचं ७० चं निघेल, कुणाचं ९५ चं. म्हणजे मराठीत लिहिणाऱ्यानं पानं मोजण्यात अर्थ नाही, घड्याळच लावावं लागतं.

घड्याळ लावणंही मला त्या दिवशी नव्यानं शिकायला लागलं.

वाचनाला टेबलाभोवती सहा जण होतो. माई, नंदू, काकू, मी, माझी असिस्टंट आणि संहितेतला एक शब्दही न वाचलेला एक जण. हा शेवटचा म्हणजे मैत्रिणीचा भाऊ. घर त्यांचंच असल्यामुळे तो आपसूक बसला होता, पण पुढे तोच सगळ्यात कामाचा ठरला. कंसातल्या सूचना, म्हणजे कोण उठलं, कुठे गेलं, काय उचललं, ते असिस्टंट वाचणार होती. ते काम नटांकडे दिलं की त्यांची लय तुटते. मी स्वतः केलं असतं तर मी ते अभिनय करून वाचलं असतं, आणि कागदावर जे नाही तेही सगळ्यांना ऐकू गेलं असतं. मी फक्त ऐकायचं, पेन्सिल हातात धरायची नाही, असं असिस्टंटनं मला बजावलं होतं. पोरगी चोवीस वर्षांची आहे, पण दोन-तीन शॉर्टफिल्म्सवर सहायक म्हणून राबलेली आहे.

पहिलं वाचन सुरू झालं. शेजारच्यांचा मिक्सर लागला तेव्हा एकदा थांबलो, तेवढा वेळ घड्याळही थांबवलं. शेवटच्या ओळीला असिस्टंटनं मोबाइल दाखवला. १८ मिनिटं ५ सेकंद.

मी म्हटलं, ‘‘म्हणजे तीन मिनिटं कापायची.’’

ती म्हणाली, ‘‘ताई, हा आकडा खोटा आहे.’’

खोटा का, ते तिनं पहिला सीन दाखवून समजावलं. मी लिहिलं होतं, ‘वाड्याचं दार. भिंतीचा रंग उडालेला, दिंडीच्या चौकटीवर जुन्या तोरणाचे खिळे, आत चौकात तुळशीवृंदावन, त्याच्या एका बाजूला सायकली टेकवलेल्या, वर वाळत घातलेल्या चादरी.’ हे वाचायला तिला पंधरा सेकंद लागले होते. पडद्यावर ते तीन-चार सेकंदांत दिसून जातं. उलट सहाव्या सीनमध्ये मी लिहिलं होतं, ‘माई दिवा मालवते आणि बसून राहते.’ वाचायला तीन सेकंद. प्रत्यक्षात उठायचं, स्विचपाशी जायचं, परत यायचं, बसायचं आणि मग ‘बसून राहायचं’. कंसातलं वाचायला लागणारा वेळ आणि ते घडायला लागणारा वेळ यांचा एकमेकांशी काही संबंधच नसतो. म्हणून तिनं वाचन चालू असतानाच दोन गोष्टी वेगळ्या टिपल्या होत्या. दर सीनला संवाद किती आणि तिचं स्वतःचं वाचन किती. तिच्या वाचनाचे ४ मिनिटं २५ सेकंद सरळ वजा झाले. संवाद राहिले १३ मिनिटं ४० सेकंद.

मग हालचालींचा वेळ काढायचा होता. त्यासाठी तिनं माईंना स्वयंपाकघरात नेलं आणि प्रत्येक कृती खरोखर करायला लावली. आधण ठेवणं, कप काढणं, कागद घडी घालून डब्याखाली ठेवणं. जिथे वस्तू नव्हती तिथे मी डोळे मिटून मनात शॉट चालवायचा आणि ती घड्याळ लावायची. डोळे मिटून केलेला अंदाज नेहमी कमी येतो, असं तिचं म्हणणं. मनातला माणूस दारापाशी उडून जातो. म्हणून शक्य तिथे उठून करायचं. हे सगळं मिळून ५ मिनिटं ४० सेकंद झालं. संवाद आणि हालचाल, एकूण १९ मिनिटं २० सेकंद.

श्रेयनामावलीला आम्ही ५० सेकंद धरले होते. म्हणजे फिल्मला उरतात १४ मिनिटं १० सेकंद. त्यातही अगदी काठावर जायचं नाही, १३:३० चं लक्ष्य धरू, असं ठरलं. पावणेसहा मिनिटांहून जास्त जायला हवं होतं. चौदा पानांतली चार पानं. मी पोहे खाल्ले ते त्या मनःस्थितीत.

पुढचे चार दिवस कापाकापी. वाचन मोबाइलवर रेकॉर्ड केलेलं होतं. मी ते कर्वे रस्त्यावरून ऑफिसला जाताना बसमध्ये ऐकायचे, कागद न बघता. कागद समोर असला की डोळा पुढे धावतो आणि कान माफ करतो. नुसतं ऐकताना जिथे माझं लक्ष खिडकीबाहेर जायचं ती जागा लिहून ठेवायची, एवढंच. तीन फेऱ्यांत तिन्ही वेळा चौथ्या सीनला माझं लक्ष उडालं. चौथा सीन काकूंचा. गॅलरीत उभ्या राहून त्या माईंना सांगतात की सगळ्यांच्या सह्या झाल्या, तुमचीच राहिली. काकूंचं काम करणाऱ्या बाई फार छान वाचत होत्या, सगळे हसलेही होते. पण सीन संपल्यावर माई होत्या तिथेच होत्या. गोष्ट एक पाऊलही सरकत नव्हती. फक्त एक माहिती मिळत होती, आणि ती नंदू एका वाक्यात देऊ शकत होता. सीन गेला. दोन मिनिटं ४० सेकंद एका फटक्यात. काकूंना फोन करणं मात्र मी दोन दिवस टाळलं. त्या म्हणाल्या, ‘‘अगं, मग शूटिंगला डबा तरी मी आणते.’’ आणि आणला.

सीन काढणं सोपं असतं. ओळ काढणं अवघड. दुसरा सीन स्वयंपाकघरातला, नंदू विषय काढतो तो. त्यात नुसते संवादच ४ मिनिटं १० सेकंदांचे होते. मुळात मी असं लिहिलं होतं :

नंदू : अगं माई, हे बघ, मी काय म्हणतो ते जरा शांतपणे ऐकून घे. आप्पा जाऊन आता चार वर्षं झाली. तू इथे एकटी राहतेस. जिना तुला चढवत नाही, रात्री-अपरात्री काही झालं तर आम्ही कोथरूडवरून येईपर्यंत कोण आहे गं इथे?

माई : मी एकटी राहते ते मला माहीत आहे रे नंदू. चार वर्षं झाली तेही माहीत आहे. पण मला आता इथलीच सवय झालीय. बरं, चहात साखर कमी घालू ना तुला?

वाचायला २८ सेकंद. वाचताना गंमत अशी झाली होती की माईंनी ‘ते मला माहीत आहे रे’ म्हटल्यावर मैत्रिणीचा भाऊ पटकन हसला. त्याला तो विनोद वाटला. आणि बरोबरच होतं त्याचं. माईंना माहीत असलेली गोष्ट नंदू माईंना सांगत होता, कारण मला ती प्रेक्षकांना सांगायची होती, आणि माईच ते बोलून दाखवत होत्या. ‘तुला तर माहीतच आहे’ या जातीचं वाक्य आपल्या संहितेत सापडलं की समजावं, तिथे लेखक बोलतोय.

पहिल्या फेरीत सुरुवातीची तयारी गेली. ‘हे बघ, मी काय म्हणतो ते जरा ऐकून घे’ हे आपण सगळेच बोलतो, पण संहितेत नटाला ते लागत नाही, तो एक श्वास घेतो आणि तेच होतं. दुसऱ्या फेरीत एकाच अर्थाची वाक्यं गेली. एकटी, जिना, रात्र ही एकाच काळजीची तीन नावं होती, त्यातली सगळ्यात जड ठेवायची. तिसऱ्या फेरीत माईंचं उत्तर गेलं, कारण प्रश्नाला उत्तर न देणं हेच तिचं उत्तर होतं. राहिलं ते असं :

नंदू : रात्री काही झालं तर कोण आहे गं इथे?

माई : साखर कमी घालू ना तुला?

सात सेकंद. आप्पा जाऊन चार वर्षं झाली हे मात्र कुठेतरी यायला हवं होतं. चार हा आकडा मी सोडून दिला, तो मला एकटीलाच प्रिय होता. नंदू आत येतो, भिंतीजवळच्या खुर्चीवर बसायला जातो, थांबतो आणि पाट ओढून घेतो, एवढं लिहिलं. खुर्ची कुणाची ते कुणी सांगत नाही. चार सेकंद.

आता ‘गं’ आणि ‘ना’ बद्दल. असिस्टंटनं कापताना तेही उडवले होते. ‘रात्री काही झालं तर कोण आहे इथे?’ आणि ‘साखर कमी घालू?’ शब्दसंख्येच्या दृष्टीनं स्वच्छ. दुसऱ्या वाचनाला नंदूनं ते वाक्य तसं वाचलं आणि माई थांबल्या. म्हणाल्या, ‘‘हा कोण बोलतोय, मुलगा की बिल्डरचा माणूस?’’ ‘गं’ परत आला. घड्याळात त्याचा अर्धा सेकंदही होत नाही, पण त्या एका अक्षरात तो तिचा मुलगा आहे. ‘घालू ना’ मधल्या ‘ना’ मध्ये, नंदूला साखर कमी लागते हे तिला ठाऊक आहे आणि ती फक्त विषय बदलतेय, हे येतं. संवाद कापताना वाक्यं कापावीत, ही बारकी अक्षरं नव्हेत. त्यांनी वेळ वाचत नाही आणि माणसं मात्र परकी होतात. त्याच सीनमधली ‘अगं माई’, ‘अरे नंदू’ ही हाक मात्र अकरा वेळा होती, ती दोनवर आणली. दोन माणसं एका खोलीत असताना एकमेकांची नावं इतकी घेत नाहीत. मला नावं प्रेक्षकांच्या कानावर घालायची होती, पण त्याला एकदा पुरतं.

दुसरं वाचन पहिल्यानंतर पाचव्या दिवशी, संध्याकाळी. काकू नव्हत्या, मैत्रिणीच्या भावाला मात्र मी मुद्दाम बोलावलं नाही. त्याला आता गोष्ट माहीत झाली होती, म्हणजे तो आमच्यासारखाच निकामी. त्याऐवजी माझ्या ऑफिसमधली एक जण आली, जिला फक्त ‘एक वाडा आहे’ एवढंच ठाऊक होतं. वेळ निघाली १३ मिनिटं ३५ सेकंद. मी खूश. मग तिला विचारलं, काय कळलं ते सांग. आवडलं का, असं विचारायचं नाही, गोष्ट सांग म्हणायचं. तिनं नीट सांगितली आणि शेवटी म्हणाली, ‘‘पण माईंना वाचता येत नाही, तर नंदूनं ते कागद वाचून का नाही दाखवले?’’

टेबलावर शांतता.

झालं असं होतं. पाचव्या सीनमध्ये नंदू म्हणतो, ‘‘वाच आधी.’’ माई म्हणते, ‘‘तू वाचलंयस ना?’’ आणि न वाचता सही करते. सगळी फिल्म त्या न वाचण्यावर उभी आहे. ती वाचू शकते, रोज पेपर वाचते, आणि तरीही हा कागद वाचत नाही. मूळ दुसऱ्या सीनमध्ये माई पेपरातलं शब्दकोडं सोडवत असते आणि नंदूला शब्द विचारते. वीस सेकंदांची ती गप्पा मला पाल्हाळ वाटली होती आणि मी ती काढून टाकली होती. संवाद म्हणून ती खरोखर पाल्हाळच होती. पण पाचव्या सीनचा पाया तिच्यात होता, आणि मी व असिस्टंट दोघींनाही तो दिसला नाही, कारण आम्हाला माईंना वाचता येतं हे माहीतच होतं. कापलेली ओळ डोक्यात शिल्लक राहते आणि कागदावरची रिकामी जागा भरत राहते. म्हणून असा कोरा कान लागतोच, आणि तो एकदाच वापरता येतो.

कोडं परत आणलं, पण वीस सेकंदांचं नाही.

माई : मुक्काम. तीन अक्षरी. शेवटी ‘व्य’.

नंदू उत्तर देत नाही. पाच सेकंद. १३:४०. या वेळी कोड्याला काही काम होतं, पहिल्यापेक्षा बरं झालं असं मला वाटतं, पण ते श्रेय त्या ऑफिसमधल्या मैत्रिणीच्या गैरसमजाचं.

यानंतर पुढच्या तीन तालमींची आखणी केली. शूटिंग दोन दिवसांचं होतं आणि नटांच्या नोकऱ्या होत्या, त्यामुळे यापेक्षा जास्त मिळणारच नव्हतं. एक तालीम एका ओळखीच्यांच्या हॉलमध्ये, उभं राहून, पाठांतर करून. पुढच्या दोन प्रत्यक्ष वाड्यात, त्यातल्या दुसरीला कॅमेरामन आणि साउंडवाला. वाड्यातल्या दोन्ही सकाळी सातला ठेवल्या. जुलै-ऑगस्ट होता, संध्याकाळी नदीपात्रात ढोलपथकांचा सराव सुरू होतो आणि नारायण पेठेत तो स्वयंपाकघरात बसून ऐकू येतो. आमचा आवाज जागेवरच रेकॉर्ड व्हायचा होता. तालमीलाच ती वेळ लावली की शूटिंगच्या दिवशी नटांना सकाळी सातला आवाज आणि चेहरा जागा करायची सवय झालेली असते, हाही फायदा.

हॉलमधल्या तालमीत खडूनं जमिनीवर स्वयंपाकघर आखलं, वाड्यातलं मोजून आणलेलं. ओटा इथे, दार इथे, खुर्ची इथे. पहिल्या दोन तासांत फक्त दुसरा आणि तिसरा सीन. पाचवा शेवटी, आणि पूर्ण ताकदीनं एकदाच. माईंचं म्हणणं होतं की सही मी तालमीत दहा वेळा केली तर अकराव्या वेळी ती नुसती सही असेल. ते मला पटलं. हालचाली पाहिजे तितक्या वेळा करायच्या, भावना राखून ठेवायची.

पाठांतरानंतरची वेळ लावली आणि पुन्हा दचकले. साडेबारा मिनिटं! एकही ओळ न कापता सव्वा मिनिट गेलं होतं. कारण लगेच कळलं. दोघंही कॉलेजात पुरुषोत्तम करंडक केलेले, भरत नाट्य मंदिराच्या रंगमंचावर वाढलेले. क्यू पडू द्यायचा नाही, समोरच्याचं शेवटचं अक्षर संपायच्या आत आपलं पहिलं आलंच पाहिजे, हे हाडात मुरलेलं. मंचावर ते हवंच असतं. इथे माईंना उत्तर टाळायला वेळच मिळत नव्हता. शिवाय एक तांत्रिक अडचण होती. आम्ही एकाच कॅमेऱ्यानं शूट करणार होतो. माईंचा क्लोजअप चालू असताना नंदूचा आवाज तिच्या शब्दावर चढला, तर तो तुकडा दुसऱ्या टेकशी जोडताना एडिटरचे हात बांधले जातात. एकमेकांवर चढणारे संवाद हवे असले तरी क्लोजअपमध्ये ते सुटे सुटे घ्यायचे आणि एकमेकांवर चढवायचं काम एडिटिंगमध्ये करायचं. म्हणून संहितेत जिथे खरोखर भांडण होतं तिथे, म्हणजे तिसऱ्या सीनमध्ये दोन जागी, तिरकी रेघ मारून ठेवली. बाकी सगळीकडे, समोरच्याचं ऐकून मगच बोलायचं. हे सांगणं सोपं होतं, नंदूच्या तोंडून क्यू सुटायला मात्र तासभर लागला. शेवटी त्याच्या हातात खरा गरम चहाचा कप दिला. घोट घेतल्याशिवाय बोलायचं नाही. अमृततुल्यमधून तीन वेळा चहा आणला त्या दिवशी.

साडेबारा हा आकडा म्हणूनच टिपला, पण त्यावर विश्वास ठेवला नाही. नुसतं पाठ झालेलं वाचन नेहमी धावतं. ते बघून ‘अरे वा, दीड मिनिट शिल्लक आहे’ म्हणत काकूंचा सीन परत घालायचा मोह झाला होता, हे कबूल करते.

वाड्यातल्या पहिल्या तालमीत वेळ आली १३ मिनिटं ५५ सेकंद. तेच संवाद, तीच माणसं. वाढलेला वेळ कुठे गेला ते असिस्टंटनं सीनवार काढलं, आणि जवळजवळ सगळा दोन ठिकाणी सापडला. एक, लायटर. वाड्यातला गॅस पहिल्या खटक्याला पेटतच नव्हता, माई तीन-चार वेळा टकटक करायच्या आणि नंदू वाट बघत राहायचा. दोन, जिना. पहिल्या सीनमध्ये नंदू दिंडीतून येऊन चौक ओलांडून लाकडी जिना चढतो आणि कडी वाजवतो. हॉलमध्ये आम्ही हे चार पावलांत केलं होतं. खऱ्या जिन्याला सोळा पायऱ्या, त्याही उंच.

लायटरचं सोपं होतं. सीन सुरू होतो तेव्हा आधण उकळतच असतं असं केलं. चहा करण्याची सुरुवात दाखवायची गरजच नव्हती, गाळण्यापाशी सीन धरायचा होता. जिन्यावर थोडा वाद झाला. कॅमेरामनला तो जिना हवा होता. देखणा आहे यात शंकाच नाही. पण ‘जिना तुला चढवत नाही’ हे वाक्य आता नव्हतं, आणि नंदू धडधाकट जिना चढताना दिसून काय मिळणार? शेवटी असं ठरलं की नंदू दिसतच नाही. माई कोडं सोडवत बसलीय, खालून पावलं ऐकू येतात, ती पेन खाली ठेवते. पावलांवरून तिला कोण आलंय ते कळतं. पंचवीस सेकंद वाचले. कॅमेरामन दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलला.

शेवटची तालीम शूटिंगच्या तीन दिवस आधी झाली. पाचवा सीन. मुळात तिथे माईंचं मोठं वाक्य होतं, ‘‘मी सही करते, पण माझ्या मनाला हे पटलेलं नाही एवढं लक्षात ठेव.’’ पहिल्या कापाकापीतच ते ‘‘पेन दे’’ वर आलं होतं. सही झाल्यावर माई कागद उलटा ठेवते, एवढंच पुढे. तालमीत नंदू म्हणाला, ‘‘वाच आधी.’’ माई म्हणाल्या, ‘‘तू वाचलंयस ना?’’ आणि ‘‘पेन दे’’ म्हणायच्या ऐवजी त्यांनी नुसता हात पुढे केला. नंदूला ते ठरलेलं नव्हतं. तो बघत राहिला, मग त्यानं खिसे चाचपले, पेन नव्हतंच त्याच्याकडे. ते कोड्याच्या पेपरावर पडलेलं होतं, माईंनी पहिल्या सीनमध्ये ठेवलं होतं तिथेच. त्यानं ते उचलून दिलं.

दोन शब्द कमी झाले होते आणि वेळ नऊ सेकंदांनी वाढली होती. संवाद कापला की तेवढा वेळ वाचतोच असं नाही, त्या जागी नट थांबतो आणि ते थांबणं कधी ओळीहून लांब असतं. असिस्टंटनं घड्याळ माझ्यासमोर धरलं. १३:३९. मी म्हटलं, राहू दे. तिनं संहितेतलं ‘पेन दे’ खोडलं, शेजारी ‘हात’ असं लिहिलं, आणि समासात नऊचा आकडा घालून त्याला गोल केला.